गच्चीवरचे चार तुकडे: फ्लॅटची फरशी ठरवताना

दिवाळी झाली आणि बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला. "भाऊ, फरशी आमच्या यादीतली घेताय की तुमची तुम्ही टाकताय? आठ दिवसांत सांगा, गवंडी तुमच्या मजल्यावर पोचतायत." आमचा फ्लॅट जळगावात, चौथ्या मजल्यावर, दोन बेडरूमचा. बाल्कनी धरून साडेसहाशे चौरस फूट फरशी. यादीत दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड होती. स्वतः टाकली तर चौरस फुटामागे काही रक्कम ते बिलातून वजा करणार होते.

घरात तीन मतं पडली. बायकोच्या भावाकडे धुळ्याला पांढरा मार्बल आहे, तो तिच्या मनात भरलेला. मला व्हिट्रिफाइड हवी होती, कारण पुसायला सोपी. माय मात्र दगडावरून हलायला तयार नव्हती. तिचं सगळं आयुष्य अमळनेर तालुक्यातल्या गावी शहाबादी फरशीवर गेलं. वैशाखात दुपारी जेवणं झाली की ओला फडका मारायचा आणि उशी घेऊन थेट फरशीवर पडायचं, हे मीही लहानपणी केलंय. पंचेचाळीस डिग्रीच्या गावात फरशी ही नुसती चालायची जागा नसते. त्यामुळे मायचं म्हणणं मला बाजूला सारता येईना.

महामार्गावरच्या एका गोदामात गेलो. तिथे वयस्कर मालक होते. मार्बलच्या लाद्या घोड्यांवर उभ्या लावलेल्या. बायकोला राजस्थानच्या राजनगर भागातला पांढरा माल आवडला. मालकांनी न विचारता एक गोष्ट केली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्यांनी पाण्याचा पाइप घेतला, लादी वरपासून खालपर्यंत भिजवली आणि म्हणाले, "आता दोन मिनिटं थांबा." पाणी वाळू लागलं तसं बाकीची लादी पांढरी झाली, पण मधून एक तिरकी ओली रेघ तशीच राहिली. "ही चीर. कोरड्यात दिसत नाही. वरून रेझिन भरून पॉलिश केलंय. बसवताना इथेच तुटते, नाहीतर दोन वर्षांनी इथेच काळी पडते." पुढच्या चार लाद्यांपैकी दोन निघाल्या तशाच. मार्बल घेणाऱ्याने प्रत्येक लादी अशी भिजवून घ्यावी, आणि दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान बघावं.

निर्णय मात्र गोदामात होईना. तिथल्या दिव्यांखाली सगळंच चकाकतं. म्हणून मी चार तुकडे मागून आणले. पांढऱ्या मार्बलचा एक, हिरवट करड्या पॉलिश कोट्याचा एक, आणि व्हिट्रिफाइडचे दोन: एक डबल चार्ज, एक चकचकीत छापील नक्षीची. भाड्याच्या घराच्या गच्चीवर, जिन्याच्या सावलीत, चारही एका रांगेत मांडले.

आधी मायचा थंडपणाचा प्रश्न. रात्रभर तुकडे एकाच जागी होते, म्हणजे चौघांचं तापमान एकच असणार. तरी सकाळी तळहात ठेवला तर मार्बल सगळ्यात गार लागला, मग कोटा, मग टाइल्स. दगड स्वतः गार नसतो, हाताची उष्णता तो भराभर ओढून घेतो, आणि मार्बल ती टाइलपेक्षा जास्त वेगाने ओढतो. दगडाची जाडीही दुप्पट, त्यामुळे तो उशिरा तापतो. पण ही गारवा देण्याची ताकद अमर्याद नाही. दुपारी तेच तुकडे उन्हात तासभर ठेवले तेव्हा कोट्यावर पाय ठेववेना. मे महिन्यात घरातली हवाच चाळीसवर गेली, तर कुठलीही फरशी कोरडी असताना गार लागणार नाही. गारवा येतो तो ओल्या फडक्याने, पाणी उडून जाताना. मायच्या गावच्या फरशीचंही गुपित तेच होतं. हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग दगडावर फडका मारतंस ना, तेच ते." तिचं बरोबर होतं.

मग बायकोने स्वयंपाकघर गच्चीवर आणलं. लिंबाची अर्धी फोड, चमचाभर गरम तेलात कालवलेली हळद, आणि काळ्या मसाल्याच्या शेवभाजीची तर्री. प्रत्येक तुकड्यावर तिन्ही ठेवून आम्ही खाली आलो.

दहा मिनिटांनी वर गेलो तर मार्बलवर लिंबाच्या फोडीचा गोल उमटलेला होता. डाग नव्हता, रंगही नव्हता, फक्त तेवढ्याच जागेची चकाकी गेलेली. तिरप्या उजेडात बघितलं तर तो गोल खरखरीत दिसत होता. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुन्याच्याच कुळातला दगड. आम्ल लागलं की तो विरघळतो, आणि पॉलिशचा वरचा थर आधी जातो. पुसून, धुऊन, साबण लावून हे परत येत नाही, फक्त पुन्हा घासून पॉलिश करूनच येतं. आम्हाला धक्का बसला तो कोट्याचा. त्यावरही गोल होता, जरा फिका, पण होता. कोटा दिसायला कणखर, पण तोही चुनखडीचाच दगड. आम्ही दोघंही इतके दिवस त्याला ग्रॅनाइटच्या रांगेत बसवत होतो. दोन्ही टाइल्सवर लिंबाची खूण नाही.

हळद दुसऱ्या दिवशी पुसली. मार्बलमध्ये ती आत उतरली होती. पिवळा डाग पुढे आठवडाभर उन्हात ठेवला तेव्हा बराच उडाला, कारण हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. तेलाचा काळपट ओलावा मात्र राहिलाच. कोट्यावर तेल गडद दिसलं, पण दगडाचा रंगच गडद असल्याने डोळ्याला खुपलं नाही. डबल चार्ज टाइल साध्या फडक्याने साफ झाली.

शेवटची परीक्षा वाळूची. बांधकामावरून मूठभर गिरणेची वाळू आणली आणि प्रत्येक तुकड्यावर चपलेने घासली. खानदेशात उन्हाळ्यात वारं सुटलं की बंद खिडकीतूनही धूळ आत येते, आणि वाळूतले गारगोटीचे कण मार्बलपेक्षा कितीतरी कठीण असतात. मार्बलवर ओरखडे आले, कोट्यावर बारीक आले. मला खरी अडचण वाटली ती चकचकीत छापील टाइलची. तिच्यावरही केसासारख्या रेघा उठल्या. तिची नक्षी वरच्या पातळ थरात छापलेली आणि त्यावर काचेसारखा लेप असतो. कोपऱ्यावर स्क्रू-ड्रायव्हर पडला तर आतली वेगळ्या रंगाची माती दिसते. डबल चार्जमध्ये वरचा रंगीत थर तीन-चार मिलिमीटर जाडीचा, दाबूनच तयार केलेला. तो झिजला तरी खाली तोच रंग निघतो. नक्षी साधी असते, एवढंच.

भाव मला असे मिळाले. मार्बल दगडासकट, पांढऱ्या सिमेंटने बसवून पॉलिश होईपर्यंत चौरस फुटाला जवळपास दोनशे. त्यात दगडाचा भाव निम्म्याहून कमी, बाकी सगळं बसवणं आणि घासणं. कोटा तसाच धरून एकशेवीस. डबल चार्ज चिकटवून, सांधे भरून शंभरच्या आसपास. मार्बलची पाटी वाचून हिशोब करणारा हमखास फसतो, कारण पाटीवर फक्त दगड असतो.

शेवटी असं ठरलं. हॉल, स्वयंपाकघर आणि आमची खोली डबल चार्ज, मायची खोली आणि बाल्कनी कोटा, बाल्कनीत मात्र पॉलिश न केलेला, कारण पावसाच्या पाण्यात पॉलिश दगडावर पाय घसरतो. बायकोला मी मार्बलसाठी आग्रह करू नकोस म्हटलं नाही, तिने स्वतःच लिंबाचा गोल बघून मन वळवलं. देवघराचा कट्टा तेवढा तिने पांढरा मागितला. कुंकू आणि समईचं तेल मार्बलला किती लागतं हे आम्ही तुकड्यावर बघितलं होतंच. ती म्हणाली, समई ताम्हणात ठेवीन. तसा तो केला.

दोन प्रकारची फरशी एकाच घरात म्हणजे मोठी डोकेदुखी असते ती लेव्हलची, आणि ती काम सुरू व्हायच्या आधी सोडवावी लागते. चौकटी बसलेल्या होत्या. त्यांच्या हिशोबाने स्लॅबपासून तयार फरशीपर्यंत 63 मिमी जागा होती. कोटा 22 मिमीचा, म्हणजे त्याखाली 41 मिमी माल. टाइल 9 मिमीची आणि खालचा चिकट मसाला 5 मिमीचा, म्हणजे तिथे आधी 49 मिमीचा कोबा करून घ्यायला हवा. मिस्तरींनी पाण्याच्या लेव्हल पाइपने सगळ्या खोल्यांच्या भिंतींवर तयार फरशीपासून मीटरभर उंचीची एकच रेघ मारली आणि प्रत्येक जागी त्या रेघेपासून खाली मोजलं. त्यामुळे मायच्या खोलीच्या दारात आज उंबरा नाही, वर-खालही नाही.

टाइलचा माल आला तेव्हा मी आधी प्रत्येक बॉक्सवरचा बॅच आणि शेडचा नंबर बघितला. एक बॉक्स वेगळ्या नंबरचा निघाला, परत पाठवला. शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळत नाही, आणि बसवल्यावर दुसरं काही दिसत नाही. आम्ही आधी चार बाय दोनची मोठी टाइल बघितली होती. गोदामात दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून उभ्या केल्या तर मध्ये पोस्टकार्ड सहज सरकलं. भट्टीतून निघताना लांब टाइल किंचित वाकते. सगळ्यांचे सांधे एका रेषेत ठेवले तर चालून जातं, पण विटांसारखी अर्धा-अर्धा सरकवून लावली तर एकीचा फुगीर मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशी येतो आणि ती ठेच पायाला लागते. आमच्या डोक्यात तशीच मांडणी होती, म्हणून दोन बाय दोनवर आलो.

आता ज्यावरून माझं मिस्तरींशी खरं बोलणं झालं ते सांधे. माणूस जुना, हात सफाईदार. पहिल्या दिवशी त्यांनी टाइल्स एकमेकींना टेकवून लावायला घेतल्या. "भाऊ, गॅप ठेवला की काळा पडतो. मी वीस वर्षं अशीच लावतोय." मी म्हटलं, काका, माझ्या मित्राच्या घरी एप्रिलमध्ये रात्री दोन वाजता फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि हॉलच्या मधल्या दोन ओळी तंबूसारख्या उभ्या राहिल्या. त्याच्याही टाइल्स अशाच टेकवलेल्या होत्या.

त्याचं कारण मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. नवा स्लॅब वाळताना आकसतो. आरसीसीच्या हिशोबात हे आकसणं लांबीच्या 0.0003 इतकं धरतात. आमचा हॉल पाच मीटरचा, म्हणजे दीड मिलिमीटर, त्यातलं काही आधी झालेलं असलं तरी. वर टाइल उन्हाळ्यात फुगते. वीस डिग्री फरकाला पाच मीटरमागे अर्ध्या मिलिमीटरच्या वर. खालची जमीन लहान होतेय, वरची फरशी मोठी होतेय आणि दोन्हीकडे भिंत. टाइल दाबली जात नाही, ती जिथे पकड कच्ची तिथे उचलते. पाच मीटरमध्ये आठ सांधे दोन-दोन मिलिमीटरचे मिळाले आणि भिंतीकडे स्कर्टिंगखाली पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा ठेवली तर हा दाब जिरतो. काका थोडा वेळ गप्प राहिले, मग पोराला स्पेसर आणायला पाठवलं.

काळे पडण्याची त्यांची भीती मात्र खरी होती. आमच्या परीक्षेत टाइलवर हळद राहिली नाही, पण साध्या सिमेंटच्या सांध्यात ती कायमची राहते. म्हणून स्वयंपाकघरात सांधे इपॉक्सीने भरले, रंग राखाडी घेतला. बाकी खोल्यांत साधं ग्राउट.

चिकटवण्याबद्दलही आधी बोलून घेतलं होतं. व्हिट्रिफाइड टाइल आपल्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, म्हणूनच तिच्यावर डाग बसत नाही. पण त्याच कारणाने सिमेंटचा घोळही तिला धरत नाही. जुन्या टाइल्स घोळ पीत असत, ही पीत नाही. तिला टाइल ॲडहेसिव्ह लागतं. शिवाय पाठीवर भट्टीतली पांढरी भुकटी असते, ती ब्रशने झाडली नाही तर मसाला टाइलला न चिकटता भुकटीला चिकटतो. मसाला दातेरी थापीने एकाच दिशेला ओढायचा, म्हणजे टाइल दाबताना हवा ओळींतून बाहेर जाते. पाच ठिकाणी लाडू ठेवून टाइल बसवली तर बसते झटकन, पण लाडवांच्या मधली जागा पोकळ राहते. पहिल्या दिवशी मी दुसऱ्या ओळीतली ताजी बसवलेली टाइल उचलायला लावली. पाठीचा डावा कोपरा कोरडा होता. काकांनाही ते आवडलं नाही. त्यानंतर टाइलच्या पाठीलाही पातळ हात मारायला लागले आणि पुढची उचललेली टाइल पूर्ण भरलेली निघाली.

चार दिवसांनी मी आणि बायको रुपयाचं नाणं घेऊन गुडघ्यावर बसलो. प्रत्येक टाइलचे चार कोपरे आणि मध्य. भरलेली टाइल ठक्क वाजते, पोकळ टाइल डब्यासारखी. एकशेदहाच्या आसपास टाइल्समध्ये सहा डब्यासारख्या वाजल्या. चार पहिल्याच दिवशीच्या, भिंतीकडच्या. पाच बदलून घेतल्या, सांधे भरायच्या आधी, त्यामुळे शेजारच्या फुटल्या नाहीत. हे काम सांधे भरल्यावर काढलं असतं तर कटर चालवावा लागला असता.

कोट्याचं काम सावकाश चाललं. बसवल्यावर दोन आठवडे पाणी मारून ठेवला, मग पॉलिशवाला आला. जाड खड्यापासून बारीक खड्यापर्यंत पाच हात. तीन दिवस खोलीत गुडघ्याच्या खालपर्यंत भिंतीवर राखाडी रेंदा उडत होता. आधीच रंग दिला असता तर वाया गेला असता. पॉलिश उरकल्यावर दगड पहिल्यांदा खोल हिरवा दिसला, तेव्हा माय दारातच थांबून बघत राहिली.

आणि तिथेच आमचं नुकसान झालं. ताबा द्यायच्या आधी साफसफाईला कंत्राटदाराची माणसं आली. मी कामावर होतो. त्यांनी टाइल्सवरचे सिमेंटचे ठिपके काढायला ॲसिड आणलं आणि त्याच बादलीने मायची खोलीही धुतली. संध्याकाळी गेलो तर दारापासून चार फुटांपर्यंत कोटा खडूसारखा पांढरट. गच्चीवरचा लिंबाचा गोल मी पाहिला होता, हे तेच, फक्त चार फूट पसरलेलं. चूक माझीही होती. कोट्याच्या खोलीला कुलूप लावायला हवं होतं, निदान दारावर तसं लिहायला हवं होतं. पॉलिशवाल्याला परत बोलावलं, तेवढा भाग मधल्या खड्यापासून पुन्हा घासून घेतला. निम्मे पैसे कंत्राटदाराने दिले, निम्मे माझे गेले. आता घरात बाथरूम सोडून कुठेही ॲसिडची बाटली येत नाही. कोटा आम्ही साध्या पाण्याने पुसतो, आठवड्यातून एकदा थोडा सौम्य साबण. बोअरचं जड पाणी वाळू दिलं की पांढरे ठिपके उरतात, म्हणून नंतर कोरडा फडका फिरवतो.

गृहप्रवेश आखाजीला झाला. पाहुणे गेल्यावर बायकोने मायचा पलंग लावायला घेतला. मायने स्वतःच फडका पिळला, खोलीचा मधला तुकडा पुसला, उशी टाकली आणि म्हणाली, "मी आठेच जपसू." चार वाजेपर्यंत उठली नाही.

सहा पोकळ टाइल्सपैकी पाच बदलल्या असं वर लिहिलंय. सहावी बाल्कनीच्या दाराजवळ आहे, फक्त एका कोपऱ्यात वाजते, म्हणून काकांच्या सांगण्यावरून ठेवली. तिच्या शेजारी स्कर्टिंगवर मी पेन्सिलने छोटी खूण केली आहे. दर महिन्याला तिथे नाणं वाजवून बघतो. मे गेला, जून गेला, आवाज अजून त्या एका कोपऱ्यातच आहे. माळ्यावर त्याच बॅचचा एक बॉक्स जपून ठेवला आहे.